स्क्वेअर रूट डिकम्पोझिशनमध्ये ब्लॉक साइज किती ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲरेचे तुकडे पाडून रेंज क्वेरी सोडवायची पद्धत बऱ्याच जणांना येते, पण ब्लॉक साइजचा विषय निघाला की सगळे डोळे मिटून √n लिहून मोकळे होतात. कधीकधी ते चालतंही. पण जिथे चालत नाही तिथे कोड बरोबर असूनही टाइम लिमिट लागते आणि कळत नाही कुठे अडलंय, म्हणून इथे मुख्य भर त्या एका आकड्यावर आहे. खाली सगळीकडे `n` म्हणजे ॲरेची लांबी, `B` म्हणजे एका ब्लॉकमध्ये किती घटक, `Q` म्हणजे किती क्वेरी आणि `U` म्हणजे किती अपडेट. इंडेक्स शून्यापासून.

प्र. आधी थोडक्यात सांगा, तुकडे पाडून नेमकं काय वाचतं?

समजा १,००,००० आकड्यांचा ॲरे आहे, आणि क्वेरी आली की १००० ते ५०००० या इंडेक्समधली बेरीज सांगा. सरळ लूप लावला तर ४९,००१ आकडे मिळवावे लागतील. आता ॲरेचे ३१६-३१६ चे ब्लॉक पाडले आणि प्रत्येक ब्लॉकची बेरीज आधीच काढून ठेवली असं धरा. इंडेक्स १००० हा ब्लॉक नंबर ३ मध्ये पडतो, तो ब्लॉक ९४८ ते १२६३ असा आहे, म्हणजे डावीकडचे १००० ते १२६३ हे २६४ आकडे सुटे मिळवायचे. इंडेक्स ५०००० पडतो ब्लॉक १५८ मध्ये, तो सुरू होतो ४९९२८ ला, म्हणजे उजवीकडचे ७३ आकडे सुटे. मधले ४ ते १५७ हे १५४ ब्लॉक पूर्णच्या पूर्ण आत आहेत, त्यांची तयार बेरीज घ्यायची. एकूण २६४ + ७३ + १५४ = ४९१ बेरजा. ४९ हजारांवरून ४९१ वर आलो.

अपडेट तर अजून सोपं. एक आकडा बदलला की त्याच्या ब्लॉकच्या बेरजेत जुन्या-नव्यातला फरक मिळवला की संपलं, दोन ओळींचं काम.

प्र. मग √n कुठून आला? सगळे तोच वापरतात.

क्वेरीत सर्वात वाईट काय होऊ शकतं ते बघा. डावीकडे जवळपास अख्खा ब्लॉक सुटा मोजावा लागतो, उजवीकडेही जवळपास अख्खा, आणि मधे जवळपास सगळे ब्लॉक. म्हणजे खर्च साधारण

```
2B + n/B
```

B वाढवला की पहिला भाग वाढतो आणि दुसरा कमी होतो, B कमी केला की उलटं. हे दोन्ही भाग सारखे होतात तिथे एकूण खर्च सर्वात कमी असतो, म्हणजे `2B = n/B`, म्हणजे `B = √(n/2)`. हो, √n नाही, √(n/2), कारण सुटी टोकं दोन आहेत. मोठ्या-O मध्ये तो २ पुसला जातो आणि लोकांच्या लक्षात फक्त √n राहतं.

१ लाखासाठी √(n/2) येतो २२४ आणि खर्च ८९४. √n म्हणजे ३१६ घेतला तर खर्च ९४८. फरक जेमतेम सहा टक्के, म्हणजे इथे √n घेतल्याने काहीही बिघडलेलं नाही. पण फॉर्म्युला मनात असू द्या, कारण खाली जे प्रश्न येतायत त्यात हा फरक सहा टक्के राहत नाही.

प्र. B थोडा चुकला तर किती नुकसान होतं?

फार नाही, आणि या पद्धतीची हीच मजा आहे. वरच्याच उदाहरणात B = १०० घेतला तर खर्च १२००, B = ५०० घेतला तरी १२००. म्हणजे १०० पासून ५०० पर्यंत काहीही लिहा, तुम्ही सर्वोत्तमच्या दीडपटीच्या आतच आहात. योग्य B च्या दुप्पट किंवा निम्मा घेतला तर खर्च बरोबर २५ टक्के वाढतो, बस. नुकसान सुरू होतं ते दहापट चुकल्यावर: B = १० घेतला तर मधले ब्लॉकच दहा हजार होतात आणि क्वेरी दहा हजारांच्या वर जाते.

त्यामुळे २२४ की २३१ असल्या वादात वेळ घालवू नका. प्रश्न एवढाच की तुमचा B योग्य टप्प्यात आहे का, आणि तो टप्पा √n च्या आसपास असतोच असं नाही.

प्र. साधा कोड दाखवा ना.

```cpp
const int N = 100000;
const int B = 256;
long long a[N], s[N / B + 1];

void update(int i, long long x) {
    s[i / B] += x - a[i];
    a[i] = x;
}

long long query(int l, int r) {
    long long res = 0;
    int bl = l / B, br = r / B;
    if (bl == br) {
        for (int i = l; i <= r; i++) res += a[i];
        return res;
    }
    for (int i = l; i < (bl + 1) * B; i++) res += a[i];
    for (int b = bl + 1; b < br; b++) res += s[b];
    for (int i = br * B; i <= r; i++) res += a[i];
    return res;
}
```

यात एक गोष्ट मुद्दाम तशी ठेवलीये. `r` जर ब्लॉकच्या अगदी शेवटच्या इंडेक्सवर असेल तर तो ब्लॉक खरं तर पूर्ण आत आहे, तरी आपण तो सुटाच मोजतोय. थोडं जास्तीचं काम होतं पण वर धरलेल्या `2B` च्या बाहेर जात नाही, आणि बदल्यात शेवटचा अर्धवट ब्लॉक (n ला B ने भाग जात नसेल तेव्हाचा) कधीच 'पूर्ण ब्लॉक' म्हणून वापरला जात नाही, त्यामुळे त्याची वेगळी काळजी घ्यावी लागत नाही. मला हा सौदा नेहमी परवडलाय.

प्र. बेरजेऐवजी किमान हवं असेल तर B तोच का?

इथून खरा विषय सुरू होतो. नाही, तोच नाही.

बेरजेत अपडेट फुकटात होतं कारण जुना आकडा वजा करता येतो. किमानात वजाबाकी नाही. ब्लॉकचं किमान ५ होतं आणि नेमका तो ५ च बदलून ९ केला, तर नवं किमान काय हे कळायला अख्खा ब्लॉक परत बघावा लागतो. नवा आकडा सध्याच्या किमानापेक्षा लहान असेल तर काम लगेच होतं, पण टेस्ट बनवणारा काही तुमच्या सोयीने आकडे देणार नाही, म्हणून अपडेटचा खर्च `B` धरायचा. क्वेरीचा खर्च तोच, `2B + n/B`. आता एकूण हिशोब असा:

```
U * B + Q * (2B + n/B)
```

यात B ला गुणणारा भाग `U + 2Q` आणि B ने भागला जाणारा `Q * n`. दोन्ही सारखे केले की

```
B = √( Q * n / (U + 2Q) )
```

आकडे घालून बघू. n = १ लाख, एकूण १ लाख ऑपरेशन, त्यातली ९०,००० अपडेट आणि फक्त १०,००० क्वेरी. B येतो √९०९१ म्हणजे साधारण ९५. या B ला अपडेटचे ८५.५ लाख आणि क्वेरीचे १ कोटी २४ लाख, मिळून २ कोटी १० लाखांच्या आसपास. तेच डोळे मिटून ३१६ ठेवला असता तर अपडेटचेच २ कोटी ८४ लाख, क्वेरीचे ९५ लाख, एकूण ३ कोटी ७९ लाख. जवळपास १.८ पट, आणि कोडमधे बदल काय तर एक आकडा.

कारण उघड आहे. अपडेट नऊपट जास्त येतायत आणि प्रत्येक अपडेट B एवढा वेळ खातंय, तर ब्लॉक लहान हवेत, क्वेरी थोडी महाग झाली तरी चालेल कारण त्या कमी आहेत.

प्र. पण U आणि Q किती असतील हे आधी कुठे माहीत असतं?

खरंय, बहुतेक वेळा फक्त 'एकूण एवढी ऑपरेशन' असं दिलेलं असतं. मग सगळ्यात वाईट मिश्रण धरायचं. वरच्या किमानाच्या उदाहरणात एक अपडेट B ला पडतं आणि एक क्वेरी `2B + n/B` ला, म्हणजे क्वेरी कायमच जास्त महाग, म्हणून सगळ्या क्वेरीच आहेत असं समजून `√(n/2)` घेतलं की सर्वात वाईट केस झाकली जाते. दुसरा मार्ग, सगळं इनपुट आधी वाचून घ्या, U आणि Q मोजा, मग B ठरवा. उत्तर लगेच द्यायची सक्ती नसेल तर हे सहज जमतं. फक्त मग B हा रन होताना ठरणारा व्हेरिएबल होतो आणि त्याची एक वेगळी किंमत आहे, ती खाली येईलच.

प्र. प्रत्येक ब्लॉक सॉर्ट करून ठेवायचा असेल तर?

हा प्रकार 'l ते r मध्ये x पेक्षा लहान आकडे किती' अशा क्वेरीला लागतो. मूळ ॲरे तसाच ठेवायचा आणि प्रत्येक ब्लॉकची सॉर्ट केलेली एक कॉपी बाजूला. सुटी टोकं एकेक करून बघायची आणि पूर्ण ब्लॉकमध्ये बायनरी सर्च मारायचा. म्हणजे पूर्ण ब्लॉक आता एका बेरजेचा राहिला नाही, प्रत्येकी `log B` चा झाला:

```
2B + (n/B) * log B
```

ब्लॉक महागले, म्हणून ते कमी हवेत, म्हणून B मोठा. नुसत्या क्वेरी असतील तर १ लाखाला B साधारण ७०० च्या आसपास जातो. ३१६ ला क्वेरी ३२५० च्या आसपास पडते आणि ७०० ला २७५०. कागदावर १५ टक्क्यांचाच फरक, पण प्रत्यक्षात तो जास्त दिसतो, कारण सुटी टोकं मोजणारा लूप मेमरीत सरळ पुढे जातो आणि प्रोसेसरला ते फार आवडतं, तर बायनरी सर्च इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक पायरीला पुढे कुठे जायचं याचा अंदाज चुकू शकतो. कागदावरची एक पायरी आणि बायनरी सर्चची एक पायरी सारख्या किमतीच्या नसतात. म्हणून इथे हिशोबाने आलेल्या B पेक्षा मोठाच B आधी करून बघा.

पण या प्रकारात खरा वेळ खातो तो अपडेट. बरेच जण आकडा बदलला की अख्ख्या ब्लॉकवर परत `sort` मारतात, म्हणजे `B log B`. त्याची काही गरज नाही. ब्लॉक आधीच सॉर्ट केलेला आहे, जुना आकडा बायनरी सर्चने शोधून काढा, नवा त्याच्या योग्य जागी घाला आणि मधले आकडे एक घर सरकवा, `B` मध्ये काम झालं, आणि सरकवणं हे मेमरी कॉपीच असल्यामुळे खूप वेगात होतं. अपडेट आणि क्वेरी समसमान असतील असं धरून दोन्हीला आपापला योग्य B देऊन हिशोब केला तर परत सॉर्ट करणाऱ्या कोडला एका अपडेट-क्वेरीच्या जोडीला साधारण ५७५० पायऱ्या लागतात, सरकवणाऱ्याला ३३०० च्या आसपास. इतका फायदा नुसता B हलवून कधीच मिळाला नसता. म्हणून आधी अपडेट सुधारा, मग B बघा, कारण अपडेट बदललं की योग्य B पण बदलतो: परत सॉर्ट करत असाल तर २८६ च्या आसपास, सरकवत असाल तर ५७५ च्या.

प्र. रेंजवर अपडेट असेल, म्हणजे l ते r सगळ्यांत x मिळवा, तेव्हा?

प्रत्येक ब्लॉकला एक `lz[b]` ठेवा, 'या अख्ख्या ब्लॉकमधे एवढे मिळवायचे बाकी आहेत' अशा अर्थाचा. पूर्ण ब्लॉक आला की फक्त `lz[b] += x`, सुटी टोकं आली की `a[i] += x` आणि `s[b] += x`. क्वेरीत सुटा आकडा वाचताना `a[i] + lz[b]` आणि पूर्ण ब्लॉकची बेरीज घेताना `s[b] + lz[b] * B`. यात विसरायची जागा एकच: सुटा आकडा वाचताना `lz` मिळवायचा राहून जातो, आणि तो बग फक्त तेव्हा दिसतो जेव्हा आधी मोठ्या रेंजवर अपडेट होऊन नंतर एखाद्या क्वेरीचं सुटं टोक तशा ब्लॉकमध्ये पडतं.

B चं म्हणाल तर इथे आराम आहे. अपडेट आणि क्वेरी दोन्ही `2B + n/B` ला पडतात, त्यामुळे U आणि Q चं प्रमाण काहीही असो, `√(n/2)` च बरोबर.

प्र. फेनविक ट्री log n मध्ये दोन्ही करतं, मग या भानगडीत पडायचं कशाला?

साध्या बेरजेला पॉइंट अपडेट एवढंच असेल तर अजिबात पडू नका, फेनविक लिहा. डिकम्पोझिशनचा फायदा तिथे होतो जिथे अपडेट आणि क्वेरीच्या संख्येत प्रचंड तफावत असते, कारण फेनविकमध्ये दोन्ही log n ला पक्के बांधलेले, आणि इथे मात्र एकाचा खर्च दुसऱ्यावर ढकलता येतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मो अल्गोरिदमसोबत येतं. प्रश्न असा: n = १ लाख, १ लाख क्वेरी, प्रत्येक क्वेरीत विचारलंय की l ते r या भागात x ते y मधल्या व्हॅल्यूचे आकडे किती. (व्हॅल्यू पण १ लाखापर्यंतच.) मो मध्ये आपण क्वेरी क्रमाने लावून डावा-उजवा पॉइंटर हलवतो, आणि प्रत्येक हालचालीला एका व्हॅल्यूचा काउंट एकने वाढतो किंवा घटतो. वाईटात वाईट धरलं तर डाव्या पॉइंटरच्या ३ कोटी १६ लाख हालचाली आणि उजव्याच्या तेवढ्याच, मिळून ६ कोटींच्या वर. म्हणजे ६ कोटी अपडेट, आणि विचारायचं मात्र फक्त १ लाख वेळा. तफावत सहाशेपट.

फेनविक लावलं तर प्रत्येक अपडेटला १७ पर्यंत पायऱ्या, ६ कोटी गुणिले १७ म्हणजे १०० कोटींच्या पलीकडे गेलं. तेच काउंटच्या ॲरेचे ब्लॉक पाडले तर अपडेट म्हणजे दोनच गोष्टी, `cnt[v]++` आणि `blk[v / B]++`, साडेबारा कोटी. क्वेरीला वरच्यासारखे ८९४ पर्यंत, गुणिले १ लाख, ९ कोटी. एकूण २२ कोटींच्या आत. log n वाली 'चांगली' रचना इथे पाचपट मागे पडली, कारण तिने अशा क्वेरी स्वस्त केल्या ज्या मुळात फारशा येतच नव्हत्या.

प्र. मो मधला B आणि हा B एकच का?

नाही! आणि ही गल्लत फार होते. कोडमध्ये वर एकदा `const int B = 316` लिहिलं आणि दोन्हीकडे तोच वापरला. दोघांचे हिशोब वेगळे आहेत. काउंटच्या ब्लॉकचा B व्हॅल्यूंच्या कमाल आकड्यावरून ठरतो, आणि मो चा B ठरतो पॉइंटरच्या हालचालींवरून: डावा पॉइंटर एका क्वेरीला साधारण B हलतो म्हणजे `Q * B`, आणि उजवा प्रत्येक ब्लॉकसाठी एकदा अख्खा ॲरे फिरतो म्हणजे `n * n / B`. दोन्ही सारखे केले की `B = n / √Q`.

n आणि Q सारखे असतात तोपर्यंत हा √n च येतो आणि चूक लपते. पण n = १ लाख आणि Q = १००० असं असेल तर योग्य B आहे ३१६२, आणि खर्च साधारण ६३ लाख. तिथे ३१६ ठेवला तर उजवा पॉइंटर एकटाच ३ कोटी १६ लाख हालचाली करतो. पाचपट हळू, आणि उत्तर मात्र बरोबर, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

प्र. उलटी परिस्थिती असेल तर? क्वेरी भरपूर, अपडेट मोजके.

मग सगळं ओझं अपडेटवर ढकला. प्रत्येक ब्लॉकच्या आत सुरुवातीपासूनच्या बेरजा साठवा, आणि ब्लॉकच्या बेरजांच्याही सुरुवातीपासूनच्या बेरजा वेगळ्या साठवा. ० ते r ची बेरीज म्हणजे आधीच्या सगळ्या ब्लॉकची साठवलेली बेरीज अधिक आपल्या ब्लॉकमधली r पर्यंतची, दोन आकडे वाचले की झालं, l ते r साठी तेच दोनदा करून वजाबाकी. अपडेटला आपल्या ब्लॉकमधल्या पुढच्या सगळ्या बेरजा आणि पुढच्या सगळ्या ब्लॉकच्या बेरजा बदलाव्या लागतात, `B + n/B`. इथे टोक एकच आहे, म्हणून इथे खरोखरचा `B = √n`, आणि अपडेट ६३२ ला.

प्र. क्वेरी अजून स्वस्त करायची काही ट्रिक?

फक्त बेरजेसाठी एक आहे. टोकाचा ब्लॉक अर्ध्यापेक्षा जास्त आत असेल तर आतले आकडे मिळवण्यापेक्षा ब्लॉकच्या बेरजेतून बाहेरचे वजा करा. मग प्रत्येक टोकाला जास्तीत जास्त B/2 आकडे, क्वेरी `B + n/B`, आणि ८९४ चे ६३२ होतात. किमान-कमालला हे चालत नाही, वजाबाकी नाही म्हणून.

प्र. B ला २ चा घात घ्यावा असं म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. महत्त्वाचं हे की B कंपाइल होतानाच माहीत असावा, `const` म्हणून. तेव्हा कंपाइलर `i / B` चा खरा भागाकार टाकतच नाही, त्याऐवजी गुणाकार आणि शिफ्ट वापरतो, आणि B २ चा घात असेल तर बिनचिन्ह पूर्णांकांना नुसत्या एका शिफ्टवर भागतं. B हा रन होताना `sqrt(n)` वरून काढला तर प्रत्येक वेळी खरा भागाकार होतो आणि तो बेरजेच्या मानाने चांगलाच महाग असतो. क्वेरीत दोनच भागाकार असल्यामुळे तिथे काही जाणवणार नाही, पण मो सारख्या ठिकाणी ६ कोटी वेळा `v / B` होतं तिथे नक्की जाणवतं. B व्हेरिएबल ठेवणं भागच असेल तर प्रत्येक इंडेक्सचा ब्लॉक नंबर आधीच एका ॲरेत काढून ठेवा, नाहीतर B जवळच्या २ च्या घातावर नेऊन स्वतः शिफ्ट वापरा. २५ टक्क्यांचा नियम आठवा, जवळचा २ चा घात घेतल्याने तेवढंही नुकसान होत नाही.

प्र. सॅम्पल टेस्ट सगळ्या पास होतात आणि सबमिट केलं की चूक उत्तर. काय करू?

आधी बघा सॅम्पलमध्ये n किती आहे. ८ किंवा १० असेल आणि तुमचा B २५६ असेल तर सगळा ॲरे एकाच ब्लॉकमध्ये बसतोय, म्हणजे प्रत्येक क्वेरी `bl == br` वाल्या फांदीतूनच परत गेली, ब्लॉकचा कोड एकदाही चाललेलाच नाही. `s[b]` मध्ये कचरा असला तरी सॅम्पल पास होणार.

उपाय सोपा आहे. टेस्ट करताना B = १, २, ३ असे ठेवून, n = १० च्या आसपासचे रँडम ॲरे बनवा आणि साध्या लूपच्या उत्तराशी ताडून बघा. B काहीही असला तरी उत्तर तेच यायला पाहिजे, B फक्त वेळ बदलतो. B = १ ला चुकतंय आणि B = n ला बरोबर येतंय तर गडबड ब्लॉकच्या बेरजेत किंवा टोकांच्या नाहीतर मधल्या लूपमध्ये आहे. B = n ला पण चुकतंय तर ब्लॉकचा संबंधच नाही, इनपुट वाचताना किंवा इंडेक्स एकपासून की शून्यापासून यात घोळ आहे. शेवटचा ब्लॉक अर्धवट राहील असा n पण ठेवा, जसं n = १० आणि B = ३. आणि बेरीज `int` मध्ये मावत नसेल तर ते छोट्या टेस्टला कधीच दिसणार नाही, ते वेगळं तपासा.

प्र. वेगवेगळे B घालून वेळ मोजायचा तर कसा मोजू?

६४, १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८ असे दुपटीने जा, मधले आकडे बघून काही हाती लागत नाही. पण इनपुट कसलं देताय ते महत्त्वाचं. रँडम l आणि r दिले तर रेंजची सरासरी लांबी n/3 येते आणि टोकं सरासरी अर्धी अर्धी, म्हणजे खर्च `B + n/(3B)`, त्याचा सर्वोत्तम B १८० च्या आसपास. सर्वात वाईट इनपुटला तोच २२४. हा फरक किरकोळ आहे, पण किमानाच्या कोडला रँडम आकडे दिले तर मोठी फसगत होते, कारण बदललेला आकडा नेमका ब्लॉकचं किमान असण्याची शक्यता B मध्ये एक एवढीच, अपडेट जवळजवळ नेहमी फुकट होतं आणि वाटतं B मोठा चालेल. टेस्ट देणारा मात्र दर वेळी किमानच वाढवत बसेल. म्हणून मोजताना l हा ब्लॉकच्या दुसऱ्या घरावर, r शेवटून दुसऱ्यावर, रेंज जवळपास अख्खा ॲरे, आणि अपडेट नेहमी ब्लॉकच्या किमानावर, असं मुद्दाम वाईट इनपुट बनवा.

प्र. n किती मोठा झाला की ही पद्धत सोडून द्यायची?

१ लाख n आणि १ लाख ऑपरेशन, म्हणजे ९ कोटींच्या आसपास साध्या बेरजा, आरामात बसतं. २ लाख-२ लाखाला २५ कोटी, तेही बहुतेक ठिकाणी बसतं कारण लूप सरळ आहेत. १० लाख-१० लाखाला मात्र २८० कोटी होतात, तिथे वजाबाकीची ट्रिक वगैरे लावून ओढाताण करण्यापेक्षा सेगमेंट ट्री लिहिलेलं बरं. सॉर्ट केलेल्या ब्लॉकचा प्रकार याच्या बराच आधी दम सोडतो, २ लाखाच्या पुढे त्याच्या नादी लागू नका.